‘मग आम्ही नेमकं करायचं काय?’ : सल्लागाराचा अहवाल परिस्थिती, पेच आणि तोडगा या क्रमाने कसा बांधतात

तीन महिने सल्लागारांची टीम कारखान्यात फिरते, हिशेबाच्या वह्या चाळते, गोदामात उभं राहून गाड्या मोजते. मग एका दुपारी साठ-सत्तर स्लाइड्सचं सादरीकरण होतं. मालक पहिली दहा पानं शांतपणे बघतात. विसाव्या पानाला घड्याळाकडे नजर जाते. शेवटी ते फाइल उलटी करून मागचं पान काढतात आणि विचारतात, “हे सगळं बरोबर आहे. मग आम्ही नेमकं करायचं काय?”

हा प्रश्न मी इतक्या बैठकांत ऐकला आहे की त्यामागचं कारण आता लगेच ओळखू येतं. अभ्यास कच्चा असतो असं सहसा होत नाही. टीमला जे जे सापडलं ते ज्या क्रमाने सापडलं त्याच क्रमाने मांडलेलं असतं. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र दुसरा क्रम चालू असतो. आपण कुठे आहोत, काय बिघडलं आणि आता काय करायचं, एवढंच त्याला हवं असतं. सल्लागारीच्या धंद्यात या मांडणीला एससीआर म्हणतात. सिच्युएशन, कॉम्प्लिकेशन, रिझोल्यूशन. मी त्यांना परिस्थिती, पेच आणि तोडगा म्हणेन.

ही पद्धत रूढ होण्यामागे बार्बरा मिंटो या अमेरिकी बाईंचं काम आहे. हार्वर्डमधून एमबीए करून त्या 1963 मध्ये मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत लागल्या. पुढे लंडनच्या कार्यालयात सहकाऱ्यांचे अहवाल सुधारता सुधारता त्यांनी लिहिण्याची एक शिस्त बसवली. त्यांच्या मांडणीत परिस्थिती आणि पेच यांच्यानंतर ‘प्रश्न’ ही आणखी एक पायरी आहे आणि शेवटी ‘उत्तर’. एससीआरमध्ये प्रश्नाची पायरी दिसत नाही, पण ती असतेच. पेच ऐकल्यावर समोरच्याच्या मनात जो प्रश्न आपोआप उभा राहतो, त्याचं उत्तर म्हणजे तोडगा.

ऐकायला हे फार सोपं वाटतं, आणि परिस्थिती व तोडगा लिहिणं खरोखरच त्यामानाने सोपं आहे. टीमची खरी परीक्षा मधल्या पेचात होते. या लेखातला बराचसा भाग त्यावरच आहे.

आधी सोसायटीच्या पाण्याचं उदाहरण

सोसायटीच्या बैठकीत सेक्रेटरी उभे राहून म्हणतात, “आपल्याकडे दोन टाक्या आहेत आणि इतकी वर्षं सगळ्यांना सकाळी दहापर्यंत पाणी पुरायचं.” ही परिस्थिती. सगळे माना डोलावतात, कारण यात कुणाला नवं किंवा वादाचं काही नाही.

“पण गेल्या महिन्यापासून चौथ्या मजल्यावर आठनंतर पाणी येत नाही.” हा पेच. आता प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न आहे, की मग काय करायचं? सेक्रेटरी म्हणतात, “मोठा पंप घेऊ.” हा तोडगा.

मांडणी बिनचूक झाली. पण समजा, पंप व्यवस्थित चालतोय आणि महापालिकेने पाणी सोडायची वेळ सहावरून साडेसातवर नेली आहे. आठ वाजेपर्यंत खालची टाकीच भरत नाही. मग मोठा पंप लावून रिकाम्या टाकीतून हवा खेचली जाईल. “चौथ्या मजल्यावर पाणी येत नाही” हे लक्षण होतं. “पाणी दीड तास उशिरा येतं आणि आपल्याकडे रात्रीचा साठा नाही” हा पेच आहे. तो असा मांडला की प्रश्न बदलतो आणि तोडगाही बदलतो. आता साठवणुकीची टाकी हवी, पंप नको.

तीन ओळींची गोष्ट सुरळीत वाटली म्हणजे ती बरोबर असते असं नाही, हे इथेच लक्षात ठेवलेलं बरं. चुकीच्या पेचावरही अतिशय पटणारी गोष्ट बांधता येते.

एक डेअरी आणि तिचे आकडे

आता खऱ्या कामासारखं एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. सातारा-सांगली पट्ट्यात गाईचं दूध गोळा करून पुण्यात पाऊचमधून विकणारी एक मध्यम आकाराची खासगी डेअरी धरू. मालकांना सगळे आबा म्हणतात. डेअरी आणि आकडे मी समजावण्यापुरते बांधले आहेत आणि हिशेब डोक्यात राहावा म्हणून ते गोल ठेवले आहेत. धंद्याचं गणित मात्र असंच चालतं.

दोन वर्षांपूर्वी डेअरी रोज 60,000 लिटर दूध घ्यायची. त्यातलं 52,000 लिटर पाऊचमध्ये जायचं आणि 8,000 लिटर शिल्लक राहायचं. हे शिल्लक दूध टँकरने भुकटी करणाऱ्या कारखान्याला जातं. आज संकलन 80,000 लिटर आहे, पाऊचची विक्री 56,000 आणि शिल्लक 24,000 लिटर. उलाढाल वाढली, नफा घटला. आबांनी सल्लागारांना बोलावताना सांगितलेलं वाक्य असं : “पुण्यात स्पर्धा फार वाढलीय, विक्री कशी वाढवायची ते सांगा.”

परिस्थिती : जिथे मान डोलते तिथे थांबायचं

नव्या टीमचा पहिला मसुदा बहुतेक वेळा असा सुरू होतो : देशात दुधाचं उत्पादन किती, राज्यात किती, पॅकबंद दुधाची बाजारपेठ कशी वाढतेय, डेअरीची स्थापना केव्हा झाली. आठ-नऊ स्लाइड्स यातच जातात. आबा तीस वर्षं दुधात आहेत. ते म्हणतात, “हे मला माहीतय. पुढं बोला.”

परिस्थिती लिहिताना एकच कसोटी पुरते. प्रत्येक वाक्यावर आबांनी “बरोबर” म्हटलं पाहिजे आणि प्रत्येक वाक्य पुढच्या पेचाला लागलं पाहिजे. पेच कळायला जे लागत नाही ते कितीही खरं असलं तरी इथे नको. या डेअरीसाठी परिस्थिती दोन वाक्यांत बसते :

“उन्हाळ्यात पुण्याला दूध कमी पडायचं म्हणून डेअरीने दोन वर्षांत सहा नवी शीतकरण केंद्रं उभारली. संकलन 60,000 वरून 80,000 लिटरवर गेलं आणि उन्हाळ्यातला तुटवडा संपला.”

दुसऱ्या वाक्याचा शेवट मुद्दाम बघा. केंद्रं उभारण्याचा निर्णय आबांचा होता आणि पुढचा पेच त्याच निर्णयातून निघणार आहे. त्या निर्णयाने जे साधलं ते परिस्थितीत आधी आणि मनापासून सांगितलं, तर पेच ऐकताना आबांना आपल्यावर ठपका ठेवला जातोय असं वाटत नाही. ही निव्वळ गोड बोलण्याची युक्ती नाही, कारण तुटवडा संपला हेही तितकंच खरं आहे. ते गाळलं तर तोडगासुद्धा चुकतो. कसा, ते पुढे येईल.

पेच : तीन मसुदे

पहिला मसुदा आबांच्याच शब्दांत होता : “पुण्यात स्पर्धा वाढली आहे.” यातून उभा राहणारा प्रश्न, विक्री कशी वाढवायची? साहजिक उत्तर, वितरकांचं कमिशन वाढवा. आता हिशेब करून बघू. पाऊचमधल्या एका लिटरमागे दुधाचा दर, वाहतूक, पॅकिंग आणि कमिशन जाऊन डेअरीला 4 रुपये उरतात, तर शिल्लक दुधात वर्षाच्या सरासरीने लिटरमागे दीड रुपया तोटा होतो, असं धरू. कमिशन 50 पैशांनी वाढवलं तर ते आज विकल्या जाणाऱ्या 56,000 लिटरवरही द्यावं लागतं, म्हणजे रोज 28,000 रुपये. शिल्लकीतून पाऊचमध्ये गेलेल्या प्रत्येक नव्या लिटरमागे फायदा 5 रुपये, साडेतीन उरलेले आणि दीड वाचलेला. म्हणजे नुसती बरोबरी साधायला रोज 5,600 लिटर जास्त विकायला हवेत. मागच्या दोन वर्षांत मिळून वाढ झाली ती 4,000 लिटरची.

“स्पर्धा वाढली” हे खोटं नाही. पण ते पुण्यातल्या सगळ्याच डेअऱ्यांना लागू आहे. जे वाक्य शेजारच्या डेअरीच्या अहवालातही जसंच्या तसं चालेल, तो आपल्या क्लायंटचा पेच नव्हे.

दुसरा मसुदा : “संकलनाचा खर्च वाढला आहे.” हे जास्त जवळचं आहे. सहा नव्या केंद्रांचे कामगार, वीज, डिझेल धरून प्रत्येकी रोजचे 2,000 रुपये, म्हणजे 12,000 रुपये. यातून निघणारा प्रश्न, खर्च कसा कमी करायचा? साहजिक उत्तर, केंद्रं बंद करा. इथे परिस्थितीतलं दुसरं वाक्य कामी येतं. ती केंद्रं बंद केली तर उन्हाळ्यात पुण्याच्या गाड्या पुन्हा अर्धवट भरतील. आबा हे तोडग्याच्या पहिल्याच स्लाइडवर सांगतील, आणि ते बरोबरच असतील.

तिसऱ्या मसुद्यासाठी टीमला वर्षाची सरासरी फोडावी लागली. दुधाच्या धंद्यात हिवाळ्याच्या आसपासच्या महिन्यांत दूध वाढतं, त्याला पुष्टकाळ म्हणतात. उन्हाळ्यात ते घटतं, तो कृशकाळ. हिशेबासाठी सहा-सहा महिने धरू. पाऊचची विक्री दोन्हीकडे 56,000 लिटरच. पण संकलन पुष्टकाळात 96,000 आणि कृशकाळात 64,000. म्हणजे शिल्लक दूध एकदा 40,000 लिटर आणि एकदा फक्त 8,000. कृशकाळात सगळ्यांनाच दूध हवं असतं, त्यामुळे त्या 8,000 लिटरवर लिटरमागे दीड रुपया फायदाच होतो. पुष्टकाळात भुकटीवाल्यांच्या दारात टँकरच्या रांगा लागतात, दर पडतो आणि 40,000 लिटरवर लिटरमागे 2 रुपये 10 पैसे जातात.

आता पेच असा लिहिता येतो :

“पण उन्हाळ्यासाठी उभारलेली केंद्रं हिवाळ्यातही तितक्याच जोराने दूध आणतात. पुष्टकाळात रोज 40,000 लिटर दूध तोट्यात विकावं लागतं. त्यामुळे संकलन एक तृतीयांशाने वाढूनही डेअरीची कमाई दोन वर्षांपूर्वीपेक्षा दिवसाला 20,000 रुपयांनी, म्हणजे वर्षाला 73 लाखांनी कमी झाली आहे.”

20,000 कुठून आले ते पडताळून घ्या, कारण आबा नक्की पडताळतील. तेव्हा पाऊचमधून रोज 2,08,000 रुपये मिळायचे आणि शिल्लक दुधात 12,000 जायचे, उरायचे 1,96,000. आज पाऊचमधून 2,24,000 मिळतात, शिल्लक दुधात 36,000 आणि नव्या केंद्रांवर 12,000 जातात, उरतात 1,76,000.

या मसुद्यातून उभा राहणारा प्रश्न आधीच्या दोन्हींपेक्षा अरुंद आहे. “विक्री कशी वाढवायची” नाही, “खर्च कसा कमी करायचा” नाही. “उन्हाळ्याचं दूध न गमावता पुष्टकाळातल्या जादा दुधाचं काय करायचं?” एवढाच. चांगल्या पेचाची हीच खूण मी मानतो. तो वाचल्यावर पडणारा प्रश्न एकच असतो आणि त्याची पाच-सहा उत्तरं कागदावर मांडून एकेक तपासता येतात.

आबांनी बोलावलं विक्रीसाठी आणि टीम बोलतेय संकलनावर, हे मात्र अंतिम बैठकीत पहिल्यांदा बाहेर येता कामा नये. पेच सापडला की त्याच आठवड्यात आबांना एकटं गाठून, एका कागदावर ते दोन हिशेब दाखवून विचारायचं, “आबा, हे असं आहे का?” ते म्हणतील, “आकडा जरा जास्त वाटतोय, भोरच्या टँकरचा दर वेगळाय.” मग तो दुरुस्त करायचा. पेच आबांनी मान्य केला की निम्मं काम झालं. तो मान्य नसताना केलेलं सादरीकरण म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नावर ठोकून बसवणं.

तोडगा : कोण, काय, केव्हा, किती

“संकलन आणि उत्पादनांचा समतोल साधावा” असं वाक्य तोडगा म्हणून लिहिलेलं मी पाहिलं आहे. ही नुसती इच्छा झाली. उद्या सकाळी डेअरीत कुणी काय वेगळं करायचं, हे त्यातून कळत नाही. आबांच्या डेअरीसाठी तोडगा असा झाला :

“पुष्टकाळात रोज 5,000 लिटर दुधाचं पनीर करून ते पुण्याच्या आजच्याच गाड्यांतून विकावं, आणि सहा नव्या केंद्रांपैकी एकमेकांजवळची तीन केंद्रं शेजारच्या केंद्रांत विलीन करावीत. यातून वर्षाला सुमारे 68 लाख परत मिळतील.”

पनीरच का, दही का नाही? दह्या-ताकाला मागणी उन्हाळ्यात असते आणि तेव्हा आपल्याकडे जादा दूधच नसतं. पनीरला लग्नसराईच्या हिवाळ्यात मागणी असते, म्हणजे पुष्टकाळाशी ते जुळतं. 5,000 लिटर गाईच्या दुधाचं साधारण 700 किलो पनीर होतं. तेवढं पुण्यात खपण्यासारखं आहे की नाही ते वितरकांना विचारून ठरवता येतं. संपूर्ण 40,000 लिटरचं पनीर करायचं म्हटलं तर साडेपाच हजार किलोंच्या वर जाईल, आणि ते खपवणं हा वेगळाच धंदा होईल.

हिशेब असा. पनीरमधून लिटरमागे 3 रुपये सुटतात असं धरलं आणि 2 रुपये 10 पैशांचा तोटा वाचला, तर फरक 5 रुपये 10 पैशांचा. 5,000 लिटरवर दिवसाला 25,500 रुपये, पुष्टकाळाच्या 182 दिवसांत सुमारे 46 लाख. तीन केंद्रांचे दिवसाला 6,000, वर्षाला जवळजवळ 22 लाख. बेरीज 68 लाख.

घट 73 लाखांची आहे आणि भरून निघतात 68. पाच लाख राहतात. काही टीमना इथे मोह होतो, की पनीर 5,000 ऐवजी 6,000 लिटरचं दाखवू, मग गोष्ट छान पूर्ण होते. तसं करू नये. 6,000 चा आकडा वितरकांकडून आलेला नसेल तर तो फक्त गोष्ट पुरी करायला आणलेला असतो. एससीआरची गोष्ट बांधेसूद असावी लागते, पण तिचं टोक हिशेबापुढे जाऊ नये. “यातून घट जवळजवळ भरून निघते, पूर्ण नाही” असं लिहिलं तर आबांचा बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

सत्तर स्लाइड्सचं काय?

ही तीन टोकं कागदाच्या एका बाजूवर बसली की मग स्लाइड्सकडे वळायचं. धंद्यात या तयारीला स्टोरीलाइन म्हणतात. पांढऱ्या कागदावर फक्त स्लाइड्सचे मथळे लिहायचे, आत अजून काहीही नाही. प्रत्येक मथळा पूर्ण वाक्य असावा, विषयाचं नाव नसावं. “संकलनाचे विश्लेषण” हा मथळा नव्हे. “पुष्टकाळात डेअरीकडे गरजेपेक्षा रोज 40,000 लिटर जास्त दूध येतं” हा मथळा.

मग मथळे एकापाठोपाठ मोठ्याने वाचायचे. आबांच्या डेअरीचे पहिले सहा असे वाचले जातील :

1. सहा नव्या केंद्रांमुळे उन्हाळ्यातला तुटवडा संपला.
2. पण दोन वर्षांत कमाई वर्षाला 73 लाखांनी घटली.
3. तोटा जवळजवळ सगळा पुष्टकाळातल्या शिल्लक दुधातून येतो.
4. पुष्टकाळात 5,000 लिटर दूध पनीरकडे वळवावं आणि तीन केंद्रं विलीन करावीत.
5. कमिशन वाढवून बरोबरी साधायला रोज 5,600 लिटर जास्त विकावे लागतील.
6. सगळी केंद्रं बंद केली तर उन्हाळ्यात रोज 8,000 लिटर कमी पडतील.

सहावा आकडा कसा आला? सहा केंद्रं कृशकाळात रोज 16,000 लिटर आणतात असं धरू. ती वजा केली तर 48,000 लिटर उरतात आणि पाऊचला 56,000 लागतात.

या सहा वाक्यांत एकही उडी नाही. एखाद्या मथळ्यापाशी “हे कुठून आलं?” असं वाटलं, तर तिथे एक स्लाइड कमी आहे. एखादा मथळा गाळूनही वाचन अडखळलं नाही, तर ती स्लाइड परिशिष्टात न्यायची. सत्तरपैकी चाळीस स्लाइड्स बहुतेक वेळा अशाच मागे जातात. त्या वाया जात नाहीत. आबांच्या मुलाने “टँकरमागे खर्च किती धरला?” असं विचारलं की ते पान लगेच काढता येतं.

“मालकांना तर उत्तर आधी हवं असतं”

ही शंका रास्त आहे. उत्तर आधी सांगा असं मिंटोही शिकवत, मग परिस्थिती आणि पेच आधी कशाला? या दोन गोष्टींत विरोध नाही. परिस्थिती आणि पेच मिळून अर्ध्या पानाचे असावेत, बोलताना मिनिटभर. त्यानंतर लगेच पूर्ण तोडगा, आणि आधाराचे आकडे त्याच्यामागे. वरच्या सहा मथळ्यांत तोडगा चौथ्या क्रमांकावर आहे, चाळिसाव्या नाही.

क्रम बदलताही येतो. आबांनी पेच आधीच मान्य केला असेल आणि ते घाईत असतील, तर तोडग्यापासून सुरुवात करा : “पनीर सुरू करा आणि तीन केंद्रं जोडा. कारण सांगतो.” बँकेसमोर कर्जाच्या बैठकीत, जिथे समोरच्याला अडचण कळलेलीच नाही, तिथे परिस्थिती सावकाश सांगावी लागते. आणि पैसा रोज वाहून जात असेल, तर पेच पहिल्या वाक्यात आलेला चांगला. फक्त तिन्ही भाग एकमेकांना बांधलेले असावेत. क्रम कुठलाही असला तरी तोडगा त्याच पेचाचा असायला हवा.

“आणि पेच नसेलच तर?”

प्रत्येक वेळी काही बिघडलेलंच असतं असं नाही. पुण्यातली एखादी मोठी हॉटेलांची साखळी पनीरसाठी स्वतःहून आबांकडे आली असती, तरी तो पेच झाला असता. कारण स्थिर परिस्थितीत काहीतरी बदललं आणि निर्णय घेणं भाग पडलं. संधी हाही पेचच आहे.

पण खरोखर काहीच बदललेलं नसेल, तर ओढूनताणून पेच निर्माण करणं ही या पद्धतीतली सगळ्यात वाईट सवय. क्लायंटला घाबरवून काम मिळवण्यासाठी ती वापरली जाते आणि त्यातून लोकांचे पैसे जातात. ओळखायचं कसं? अहवालातल्या पेचाचं वाक्य काढा आणि विचारा, यातला आकडा आमच्या डेअरीचा आहे की “क्षेत्रात” नुसतं असं घडतंय? ते कधीपासून घडतंय? आम्ही काहीच केलं नाही तर पुढच्या वर्षी किती रुपये जातील? उत्तरं आकड्यांत मिळाली नाहीत, तर तो पेच क्लायंटचा नाही, सल्लागाराचा आहे. कुठल्याही छोट्या उद्योजकाला हे तीन प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे, त्याने फी भरलेली असते.

“गोष्टीत न बसणारी माहिती कुठे जाते?”

मला सगळ्यात जास्त काळजी याच शंकेची वाटते. गोष्ट नीट रचली की तिला छेद देणारी माहिती नकळत परिशिष्टात जाते किंवा गायबच होते. आबांच्या बाबतीत अशी एक गोष्ट आहे. ज्या तीन केंद्रांचं विलीनीकरण सुचवलंय, त्यांतल्या एका केंद्रावर दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांना नवीन जागा पाच किलोमीटर लांब पडेल. सकाळी सहाला दोन कॅन मोटरसायकलला लावून येणारा माणूस पाच किलोमीटर जाईल, की गावातच दूध उचलणाऱ्या दुसऱ्या डेअरीला देईल? दुसऱ्या डेअरीला दिलं तर पुष्टकाळात आपलं काही बिघडत नाही, उलट तोट्याचं दूध कमी होईल. पण गेलेला शेतकरी उन्हाळ्यात परत येत नाही. म्हणजे बावीस लाख वाचवताना उन्हाळ्याचा तोच जुना तुटवडा पुन्हा ओढवून घेण्याचा धोका आहे.

ही माहिती तोडग्याच्याच स्लाइडवर, तोडग्याच्या खाली यायला हवी. आबांना ती आधीच माहीत असते, त्यामुळे ती नसली तर त्यांच्या लगेच लक्षात येतं. तिथे लिहायचं : आधी दोनच केंद्रं जोडावीत. तिसऱ्या गावात कॅन गोळा करणारी गाडी एक महिना चालवून बघावी. महिन्याच्या शेवटी त्या गावचं दूध दहा टक्क्यांहून जास्त घटलं, तर तिसरं केंद्र आहे तसंच ठेवावं आणि बचत 22 ऐवजी जवळजवळ 15 लाख धरावी. पनीरचंही तसंच. पहिल्या पुष्टकाळात डिसेंबर संपेपर्यंत रोजची विक्री 400 किलोंपर्यंत पोचली नाही, तर पुढची यंत्रं मागवू नयेत.

अशा बैठकीत आबा त्या शेवटच्या ओळींवर बोट ठेवून थांबतात. मुलाला म्हणतात, “चारशे किलो डिसेंबरपर्यंत. लिहून घे. आणि कॅनच्या गाडीला ड्रायव्हर कोण, ते उद्याच बघ.”